बाबांनी आईला लिहिलेलं पत्र : कुठे हात लावू आणि कुठे नको?

कृष्णाकाठची:
मंडळी, जरा मदत हवीये. आईबाबांच्या लग्नाला या महिन्यात पन्नास वर्षं होतायत. येत्या रविवारी कराडला घरच्याच हॉलमध्ये छोटा कार्यक्रम ठेवलाय, साठ-सत्तर माणसं. बाबा एसटीत कंडक्टर होते, २००५ ला रिटायर झाले. आम्ही त्यांना म्हटलं चार शब्द बोला, तर म्हणाले मला बोलता येत नाही, लिहून देतो. आणि खरंच फुलस्केपची तीन पानं लिहून माझ्या हातात दिली, म्हणाले "जरा नीट करून टाईप कर".

आता गोची अशी झालीये की दादाने ते "नीट" केलं. त्याची सुरुवात अशी: "जीवनाच्या या खडतर प्रवासात सुखदुःखाच्या ऊनसावलीत तू माझ्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिलीस." वाचायला बरं वाटतं पण हे बाबा नाहीत हो. बाबांनी आयुष्यात कधी खंबीरपणे हा शब्द वापरलेला नाही. दादा म्हणतो लोकांसमोर वाचायचंय, जरा भारदस्त पाहिजे. मूळ पत्र खाली देतेय, खासगी एक-दोन वाक्यं गाळून, बाबांना विचारूनच देतेय. जसं लिहिलंय तसंच टाईप केलंय.

॥ श्री ॥
सौ. हिस,
अनेक आशीर्वाद विशेष. पत्र लिहिण्यास कारण कीं आपल्या लग्नास पन्नास वर्षें होत आहेत. मुलें म्हणतात कांहीं बोला. मला बोलतां येत नाहीं म्हणून लिहितों. तूं माझ्या जीवनाची सावली आहेस.
आपलें लग्न झालें तेव्हां रेल्वेचा संप चालू होता व तुझ्या मामांचें वऱ्हाड मिरजेहून यायचें होतें तें आलेंच नाहीं व जेवण उरलें व त्यावरून माझ्या आईनें तुला वर्षभर बोल लावला व मी कांहीं बोललों नाहीं तेव्हां बोलायला पाहिजे होतें.
माझी ड्युटी मुक्कामाची. घरीं यायला दुसऱ्या दिवशीं दुपार व्हायची. तूं भाकरी झांकून ठेवायचीस व पहिलें विचारायचीस, जेवलासा का. नंतर बाकीचें. एकदां हिशोबांत साठ रुपये कमी आले ते भरायचे होते. तूं डाळीच्या डब्यांतून काढून दिलेस. ते कशासाठीं ठेवले होतेस तें मी आजपर्यंत विचारलें नाहीं.
वाटणीच्या वेळीं धाकट्यानें विहिरीकडचा तुकडा घेतला तेव्हां तूं म्हणालीस जाऊं द्या. मला तें पटलें नव्हतें. अजून पटत नाहीं. पण घरांत भांडण झालें नाहीं तें तुझ्यामुळें.
तुझे गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणतात बदला. तूं म्हणतेस पैसे घालवूं नका. पैसे आहेत. वेगळे ठेवले आहेत. मुलांना माहीत नाहीं. ऑपरेशन करून घे.
चुकलें माकलें माफ कर. कळावें.

आता सांगा. याला हात लावायचा का, आणि लावायचा तर किती?

पुणेरी_पाटी:
हात लावायचा नाही. विषय संपला.
(मुलांना माहीत नाही असं लिहिलंय आणि टाईप करायला मुलीलाच दिलंय. बाबा थोर आहेत.)

निशिगंधा:
अगं रडवलंस सकाळी सकाळी. "पैसे आहेत. वेगळे ठेवले आहेत." यापुढे सगळ्या कविता पाणी भरतील.

शुद्धमती:
पत्र छान आहे पण शुद्धलेखन दुरुस्त करायलाच हवं ना. नाहीं, कांहीं, तूं, घरीं, सगळीकडे उगाच अनुस्वार दिलेत. इतके चुकीचे अनुस्वार असलेलं पत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं तर लोक काय म्हणतील. आधी सगळं प्रमाण मराठीत आणा मग बाकीचं बघा.

खिळेजुळारी:
शुद्धमतीताई, ते अनुस्वार चुकीचे नाहीत. हल्लीचे जे नियम आपण पाळतो ते साहित्य महामंडळाचे, १९६२ चे. त्याआधी शाळेत असंच शिकवायचे. "नाहीं" वर अनुस्वार, "केलें" वर अनुस्वार, "घरीं" वर अनुस्वार. उच्चारात ऐकू येत नाही म्हणून ते नव्या नियमांनी काढून टाकले. बाबा २००५ ला रिटायर झाले म्हणजे जन्म ४७ च्या आसपासचा, म्हणजे त्यांची मराठी शाळा सगळी त्या आधीची. उलट बघा त्यांनी कुठेही चुकवलेलं नाही. "बोलतां येत नाहीं" मधला बोलतां वरचा अनुस्वारसुद्धा जागच्या जागी आहे. आज हे बरोबर लिहून दाखवणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

मी बरीच वर्षं छापखान्यात आणि नंतर दिवाळी अंकांसाठी मुद्रितं तपासली म्हणून थोडं सांगतो, पटलं तर घ्या.

पहिली गोष्ट, एक पत्र नाही, दोन प्रती करा. एक वाचायची आणि एक ठेवायची. ठेवायची प्रत म्हणजे बाबांच्या अक्षरातली फुलस्केप, तिला काहीही करू नका, चांगलं स्कॅन करून तेच फ्रेम करा. टाईप केलेलं फ्रेम करण्यात काही अर्थ नाही. वाचायची प्रत मात्र आजच्या लेखनात करा, कारण समजा नातीने वाचलं तर ती "नाहीं" बघून नाकात वाचणार, आणि हसू होणार. तिथे अनुस्वार काढल्याने बाबांचं काही जात नाही, कारण बाबा तरी ते कुठे उच्चारतात?

शुद्धमती:
हे माहीत नव्हतं. पण मग "व" "व" "व" चं काय, एका वाक्यात चार वेळा आलाय. ते तर कुठल्याच नियमात बसत नाही.

खिळेजुळारी:
हो, तिथे काम आहे, ते संध्याकाळी सविस्तर लिहितो. आता बाजारात निघालोय.

गावठाण:
मुक्कामी गाडी!!! आमच्या गावात रात्री साडेआठला यायची आणि सकाळी सहाला सुटायची. ड्रायव्हर कंडक्टर देवळाच्या ओट्यावर जेवायचे नि गाडीतच झोपायचे, थंडीत आमची आजी त्यांना घोंगडी पाठवायची. सकाळी दूध डेअरीचे कॅन, कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका सगळे त्याच गाडीला. कंडक्टर आमच्या दारावरून जाताना हाक मारायचा, "बाळू उठला का रं, परीक्षा हाय न्हवं आज?" तो जाईपर्यंत आम्हाला कधी वाटलंच नाही की याचंही घर असेल आणि तिकडे कुणी भाकरी झाकून बसलं असेल.

बोस्टनकर:
मला पत्र आवडलं, पण "अनेक आशीर्वाद" खटकतं. बायकोला आशीर्वाद? पन्नास वर्षांच्या सोबतीनंतर? माझ्या मते तिथे "प्रिय" करावं, इथे सत्तर लोक ऐकणार आहेत, त्यात तरुण मुली पण असतील.

पुणेरी_पाटी:
बोस्टनकर, बाबांनी स्टेजवरून आईला "प्रिय" म्हटलं तर आई उठून स्वयंपाकघरात जातील. मग पत्र कोणाला वाचायचं?

निशिगंधा:
+१. त्या काळी नवऱ्याने बायकोला पत्र लिहिलं की मायना हाच असायचा. माझ्या आजोबांची सगळी पत्रं "सौ. हिस अनेक आशीर्वाद" अशीच आहेत, नाव सुद्धा नाही. बदललं तर पत्र त्यांचं राहणारच नाही.

बोस्टनकर:
ठीक आहे, मायना राहू दे. पण मला अजूनही खटकतं एवढं नोंदवून ठेवतो.

चहावाला:
ताई मला पण असंच पत्र पाहिजे आहे, माझ्या आईवडिलांच्या २५ व्या वाढदिवसाला. वडिलांचं नाव टाकायला जागा ठेवून कुणी तयार करून देईल का? जरा रोमँटिक चालेल.

पुणेरी_पाटी:
चहावाला, बाबांना विचारा डाळीच्या डब्यात काय होतं. बाकी आपोआप येईल.

अर्धवटराव:
माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे काकांनी काकूंना साठीला पत्र लिहिलं होतं आणि चुलतभावाने, तो वृत्तपत्रात आहे, ते फार सुंदर करून दिलं. खरोखर सुंदर, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी घरी आल्यावर विचारलं, "हे कुणी लिहिलं?" आणि मग मूळ कागद मागून घेतला, तो अजून त्यांच्या पोथीत आहे. सुंदर केलेलं कुणाकडेच नाही, कार्यक्रमाच्या व्हिडिओत तेवढं आहे. पण दुसरी बाजू पण आहे, काकांना टाळ्या आवडल्या होत्या. अजून सांगतात त्या भाषणाबद्दल. तेव्हा दादाला अगदीच मोडीत काढू नका.

कृष्णाकाठची:
अर्धवटराव, अगदी हेच, दादाचा पण हेतू चांगला आहे. त्याला वाटतं बाबांची लोकांसमोर फजिती नको. सगळे काका, मामा, बाबांचे डेपोतले मित्र येणार आहेत. आणि वाटणीचं वाक्य! धाकटे काका पहिल्या रांगेत बसणार आहेत हो.

खिळेजुळारी:
आलो. आता कामाचं.

कुठलंही असं पत्र हातात आलं की मी आधी लिहिणाऱ्याला मोठ्याने वाचायला लावतो. तुम्ही बाबांना खुर्चीत बसवा, त्यांचाच कागद त्यांच्या हातात द्या आणि वाचायला सांगा. तुमच्याकडे टाईप केलेली प्रत ठेवा, आणि बाबा जिथे श्वास घेतात तिथे पेन्सिलीने रेघ मारा. लेखणीने लिहिताना माणूस "व" लावत पुढे जातो, पण वाचताना तो तिथे थांबतो. जिथे थांबले तिथे पूर्णविराम, आणि तिथला "व" काढायचा. एवढंच. शब्द बदलायचा नाही, शब्द घालायचा तर अजिबात नाही. रेल्वेच्या परिच्छेदाचं मग असं होईल असा माझा अंदाज आहे:

"आपलं लग्न झालं तेव्हा रेल्वेचा संप चालू होता. तुझ्या मामांचं वऱ्हाड मिरजेहून यायचं होतं, ते आलंच नाही. जेवण उरलं. त्यावरून माझ्या आईने तुला वर्षभर बोल लावला व मी काही बोललो नाही.
तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

बघा, चारातला एक "व" मुद्दाम ठेवलाय, कारण आईने बोल लावणं आणि आपण गप्प बसणं ही दोन्ही बाबांनी एकाच दमात लिहिलीत आणि ती एकत्रच राहिली पाहिजेत. शेवटचं वाक्य खाली घेतलं कारण ते पन्नास वर्षांनंतरचे बाबा बोलतायत, आधीचं सगळं तेव्हाचं आहे. यात माझा एकही शब्द नाही. आता दादांना विचारा, यात "मनातील सल" वगैरे घालून काही वाढेल का.

(संप ७४ चा, मे महिन्यातला, ८ तारखेपासून जवळजवळ तीन आठवडे चालला. गाड्या बंद, लोकांची लग्नं अशीच झाली.)

दुसरं, काढायचं काय. माझा नियम साधा आहे, ज्याच्यासाठी पत्र आहे त्याच्याबद्दल जे आहे ते राहील, मग ते कितीही घरगुती असो. तिसऱ्या माणसाबद्दल जे आहे ते वाचनाच्या प्रतीतून जाऊ शकतं. त्यामुळे गुडघे राहतील, डाळीचा डबा राहील. विहिरीकडचा तुकडा वाचायच्या प्रतीतून काढा. पण कसा काढायचा बघा. "धाकट्यानें विहिरीकडचा तुकडा घेतला तेव्हां" आणि "मला तें पटलें नव्हतें. अजून पटत नाहीं. पण" गेलं तर उरतं "वाटणीच्या वेळी तू म्हणालीस जाऊ द्या. घरात भांडण झालं नाही ते तुझ्यामुळे." हे आईबद्दलच आहे, काकांनाही ऐकायला हरकत नाही. मूळ कागदावर सगळं आहेच, आई घरी वाचतील.

तिसरं, "तूं माझ्या जीवनाची सावली आहेस". हे वाक्य बाबांचं नाही. सगळ्या पत्रात एवढं एकच वाक्य असं आहे की ते कुणीही कुणालाही लिहू शकेल. मी ते काढीन.

गावठाण:
व्वा खिळेजुळारी काका. पेन्सिलीची रेघ हे लक्षात ठेवण्यासारखं.

निशिगंधा:
सावलीबद्दल मी सहमत नाही. ठीक आहे, कुठून तरी घेतलंय. पण त्या पिढीच्या माणसाने बायकोला काहीतरी गोड म्हणायचं म्हणून शोधून आणलेलं एकच वाक्य आहे ते. भाकरी, डबा, गुडघे हे त्यांना प्रेम वाटतच नसेल, ते त्यांना नुसतं घडलेलं वाटतं. प्रेमपत्र म्हणून त्यांनी जे लिहिलंय ते हेच वाक्य. आपण आपल्या आवडीने ते कसं काढायचं?

खिळेजुळारी:
मुद्दा चांगला आहे. तरी मला ते वाक्य बाकीच्यांना हलकं करतं असं वाटतं. त्याच्यानंतर लगेच रेल्वेचा संप येतो, ऐकणारा गोंधळतो. ठेवायचंच तर निदान जागा बदला.

बोस्टनकर:
शेवटी घ्या ना, ऑपरेशन करून घे च्या नंतर. क्लायमॅक्स.

खिळेजुळारी:
नको नको. शेवट "ऑपरेशन करून घे" वरच व्हायला हवा, मग चुकलं माकलं आणि कळावे. त्याच्यानंतर सावली आली तर गुडघ्यांवर पडदा पडेल. हवंच असेल तर भाकरीच्या आधी, "माझी ड्युटी मुक्कामाची" च्या वर, वेगळ्या ओळीत.

शुद्धमती:
मी पण एक विचारते, "जेवलासा का" तसंच ठेवायचं की "जेवलात का" करायचं?

गावठाण:
ताई!! आमच्याकडे "जेवलात का" विचारलं तर पाहुणा समजतात. तसंच ठेवा.

शुद्धमती:
बरं बरं. अवतरणचिन्ह तरी घालू द्या.

खिळेजुळारी:
घाला, तिथे लागतंच. आईचा आवाज आहे तो, वाचणाऱ्याला कळायला हवं.

अर्धवटराव:
वाचणार कोण हे ठरलं का? नातीने वाचायला नको असं मला वाटतं, "तुझ्या मामांचं वऱ्हाड" म्हणताना ती आजीला तू म्हणणार. बाबांनीच वाचावं. मोठ्या टायपात छापा, वीस पॉइंट वगैरे, आणि पान उलटताना वाक्य तुटणार नाही असं बघा. एवढं पत्र वाचायला तीन मिनिटं पुरतात, थांबत वाचलं तरी चार.

कृष्णाकाठची:
मंडळी, रिपोर्ट देते. काल रात्री दादा, मी आणि बाबा बसलो. बाबांना वाचायला लावलं. रेल्वेच्या जागी ते खिळेजुळारी काकांनी लिहिलंय तिथेच थांबले, फक्त "जेवण उरलं" ला थांबलेच नाहीत, "जेवण उरलं त्यावरून" असं एका दमात म्हणाले. मग तसंच केलं. "तेव्हा बोलायला पाहिजे होतं" च्या आधी मात्र बराच वेळ थांबले, चष्मा काढून पुसला. दादा काही बोलला नाही, त्याने स्वतःच त्याची फाईल बंद केली. पण भारदस्त सुरुवात म्हणून प्रास्ताविक तो करणार आहे, तिथे त्याचे खंबीरपणे वगैरे सगळे शब्द जातील, तडजोड झाली.

वाटणीचं विचारलं तर बाबा म्हणाले काढा, धाकट्याला माहीत आहेच. सावलीचं पण विचारलं. म्हणाले, "ते राहू दे, ते चांगलं आहे. पत्रिकेवर होतं." म्हणजे कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेवरून उतरवून ठेवलंय! पाकिटात कात्रण आहे! कधीपासून आहे ते सांगत नाहीत. तर सावली राहिली, भाकरीच्या वर, वेगळ्या ओळीत.

निशिगंधा:
पाकिटात!!! खिळेजुळारी काका, आता?

खिळेजुळारी:
आता काय. पाकिटात आहे म्हटल्यावर माझा आक्षेप मागे नाही घेत, पण गप्प बसतो. मुद्रितशोधकाने लेखकाशी फार वाद घालू नये, बिल अडतं.

पुणेरी_पाटी:
ऑपरेशनचे पैसे किती ठेवलेत ते पण विचारा लगे हाथ, पत्र वाचून झाल्यावर आई सर्वांसमोर हिशोब मागणार.

कृष्णाकाठची:
हिशोबावरून आठवलं. आईला पत्र दाखवलेलं नाही, पण काल मी सहज विचारलं, आई, बाबांना एकदा साठ रुपये दिले होतेस ना डब्यातून. म्हणाली, "साठ न्हवं, चाळीस. वीस त्यांच्याकडं होतं." कशाला ठेवले होतेस विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय." आता पत्रात साठ ठेवू की चाळीस करू?

शुद्धमती:
तथ्य चुकलं असेल तर दुरुस्त करायला हवं ना?

खिळेजुळारी:
साठच ठेवा. पत्रात "साठ रुपये कमी आले" असं आहे, आणि ते बरोबरच आहे, कमी साठच आले होते. आईंनी चाळीस दिले हे आई स्वतः उठून सांगतील आणि ते त्यांनीच सांगायला हवं.

गावठाण:
आणि माईक त्यांच्याजवळ ठेवा रविवारी.